मुदतीपूर्वी भाडेकरार संपवताना: झेरॉक्स मशीन परत करावे की विकत घ्यावे?

कार्यालय हलवायचे ठरले किंवा काम कमी झाले, की मशीनचे भाडे जड वाटू लागते आणि ग्राहक आम्हांला नोटीस पाठवतात. आमची विनंती आहे की नोटीस पाठवण्यापूर्वी आमच्याकडून दोन रकमा एकाच पत्रावर लेखी मागवून घ्याव्यात: मशीन परत केल्यास किती देणे निघेल आणि ते विकत घेतल्यास किती. नोटिशीचा महिना सुरू झाल्यावर घासाघीस करायला ग्राहकाच्या हाती फारसा वेळ उरत नाही.

एक उदाहरण पाहू. करार ३६ महिन्यांचा, भाडे दरमहा ४,५०० रुपये, किमान बंधनकालावधी, म्हणजे करार आधी सोडला तरी ज्याचे भाडे द्यावेच लागते तो काळ, २४ महिन्यांचा आणि अनामत ९,००० रुपये आहे, असे धरू. विसाव्या महिन्याअखेर नोटीस दिली, तर एकविसावा महिना नोटिशीचा म्हणून नेहमीप्रमाणे भाड्याचा राहतो आणि बंधनकालावधीचे तीन महिने उरतात. मशीन परत केल्यास त्या तीन महिन्यांचे १३,५०० आणि वाहतुकीचे १,५०० असे १५,००० रुपये होतात. त्यांतून अनामत वजा जाता ६,००० रुपये द्यावे लागतात. तेच मशीन आम्ही ४०,००० रुपयांना देऊ केले आणि बंधनाचे भाडे सोडले, तर अनामत वजा जाता ३१,००० रुपये होतात. (सर्व रकमा कर वगळून आहेत.) परत केले तरी ६,००० रुपये जाणारच होते, म्हणून मशीनची तुमच्यापुरती खरी किंमत २५,००० रुपये ठरते, आणि बाजारातील जुन्या मशीनशी तुलना याच आकड्याची करावी.

मात्र खरेदीनंतर टोनर आणि दुरुस्ती तुमच्या खर्चाने होते. म्हणून आजवर किती प्रती निघाल्या हे दाखवणारे काउंटरचे पान मशीनच्या मेनूतून छापून घ्यावे आणि आमच्या तंत्रज्ञाकडून प्रतिमा उमटवणारा ड्रम व ती उष्णतेने कागदावर पक्की करणारा फ्यूजर अजून किती चालतील हे लिहून घ्यावे. दोन्ही बदलायला आले असतील, तर मशीन परत करणेच बरे, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे मागणारे कलम एखाद्या करारात असले, तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी ठरवलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि प्रत्यक्षात वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते. परत आलेले मशीन दुसरीकडे भाड्याने जाणार असेल, तर हा मुद्दा वाटाघाटीत जरूर मांडावा. आम्हीही तो विचारात घेतो.

परत करताना सर्वाधिक वाद तारखेवरून होतात. मशीन उचलायला आमच्याकडून उशीर झाला, तर त्या दिवसांचे भाडे लागणार नाही, हे पत्रातच लिहून घ्यावे. मशीन दाराबाहेर नेण्यापूर्वी काउंटरचा आकडा, अनुक्रमांक आणि काचेची स्थिती पोचपावतीवर नोंदवून दोघांनी सही करावी. मशीनमध्ये हार्ड डिस्क असल्यास स्कॅन केलेली कागदपत्रे तिच्यात उरलेली असू शकतात. ती तुमच्यासमोर पुसून तसा शेरा पावतीवर घेतल्याशिवाय मशीन ताब्यात देऊ नये.