डायसल्फिराम व त्याचा देखरेखीखालील वापर

मद्यासक्तीवरील उपचारात, दारू सोडलेल्या व्यक्तीने पुन्हा पिऊ नये म्हणून दिले जाणारे औषध. रासायनिक नाव टेट्राएथिलथायुरॅम डायसल्फाइड, सूत्र C₁₀H₂₀N₂S₄. बाजारात ते बहुधा २५० मिग्रॅ.च्या गोळीच्या रूपात मिळते. दारूची ओढ हे औषध कमी करत नाही. दारू सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत होणारी थरथर, झोप उडणे, भास किंवा फिट येणे यांवरही त्याचा उपयोग नाही. औषध चालू असताना दारू घेतल्यास शरीरात तीव्र प्रतिक्रिया उमटते. ती उमटेल हे माहीत असल्यामुळे माणूस ग्लासाला हात लावत नाही, एवढेच त्याचे कार्य आहे.

शोधाचा वाद : हे संयुग १८८१ मध्ये बर्लिन येथे प्रथम तयार झाले असे मानले जाते. पुढे त्याच्या कुळातील पदार्थ रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेत वापरात आले. अमेरिकेतील एका रासायनिक कारखान्याचे वैद्य ई. ई. विल्यम्स यांनी १९३७ मध्ये, या कुळातील मिथिल संयुगांशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, चेहरा लाल होतो व छाती धडधडते, अशी नोंद प्रसिद्ध केली. मद्यासक्तीवर याचा उपयोग होईल का, हा प्रश्नही त्यांनी उपस्थित केला होता. पण तो धागा पुढे कोणी उचलला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड व एरिक याकोबसेन हे दोघे डायसल्फिराम जंतनाशक म्हणून तपासत होते. तेथील रिवाजाप्रमाणे औषध आधी स्वतः घेऊन पाहिल्यावर, नेहमीची माफक दारूसुद्धा आपल्याला त्रास देते असे त्यांच्या लक्षात आले. १९४८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. ओलुफ मार्टेन्सेन-लार्सेन यांनी ते रुग्णांवर वापरले, आणि अमेरिकेत १९५१ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली.

शोधाचे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ डेन्मार्कच्या जोडीला देतात आणि शोध अपघाताने लागला असे सांगतात. विल्यम्स यांचे निरीक्षण अगोदरचे आहे यात शंका नाही. परंतु श्वासाला येणाऱ्या वासावरून ॲसिटाल्डिहाइडचा माग काढणे, ते रक्तात मोजणे, शिरेतून ते देऊन तीच लक्षणे उमटतात हे दाखवणे, ही कामे कोपनहेगनमध्येच झाली. त्यामुळे निरीक्षण अमेरिकेचे आणि औषध डेन्मार्कचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सातारा-सांगलीच्या वाचकाला या कुळाची ओळख वेगळ्या वाटेने असण्याचा संभव आहे. सोयाबीन वा भुईमुगाच्या बियाण्याला पेरणीपूर्वी चोळले जाणारे थायरम हे डायसल्फिरामचे मिथिल भावंड आहे. बीजप्रक्रिया केलेल्या दिवशी दारू घेतल्यास अंग लाल होऊन उलट्या होण्याचा प्रकार त्यानेही घडू शकतो.

कार्य : पोटात गेलेल्या दारूचे यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते आणि नंतर निरुपद्रवी ॲसिटेट. दुसरी पायरी ॲल्डिहाइड डीहायड्रोजिनेज या विकरामुळे पार पडते. डायसल्फिरामपासून शरीरात तयार होणारे घटक या विकराला कायमचे जखडतात. मग दारू प्यायल्यावर ॲसिटाल्डिहाइड रक्तात नेहमीच्या पाच ते दहा पट साठते. साधारण १० ते ३० मिनिटांत चेहरा व मान लाल होते, डोके ठणकते, छाती धडधडते, घाम सुटतो, मळमळून उलट्या होतात आणि धाप लागते. रक्तदाब घसरतो. औषध नॉरॲड्रेनॅलिन तयार करणाऱ्या आणखी एका विकरालाही आवरते, त्यामुळे ही घसरण सावरणे शरीराला अधिक अवघड जाते. प्रतिक्रिया अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते. तीव्र असल्यास हृदयाची लय बिघडणे, हृदयविकाराचा झटका, फिट आणि मृत्यूही संभवतो. सुरुवातीच्या वर्षांत मात्रा फार मोठ्या असत आणि रुग्णाला मुद्दाम दारू पाजून प्रतिक्रिया दाखवली जाई. त्यात मृत्यू झाल्यावर मात्रा उतरल्या व ती प्रथा मागे पडली.

जखडलेले विकर सुटत नाही, शरीराला ते नव्याने बनवावे लागते. म्हणून शेवटच्या गोळीनंतरही सुमारे दोन आठवडे प्रतिक्रिया उमटू शकते. दारू फक्त बाटलीतून येते असेही नाही. खोकल्याची काही औषधे, द्राक्षासव-अशोकारिष्टासारखी आसवे व अरिष्टे, होमिओपॅथीचे थेंब यांतही अल्कोहोल असते. घरोघरी सापडणाऱ्या आसवांकडे औषध म्हणूनच पाहिले जात असल्याने ती इथे सर्वांत सहज नजरेआड होतात.

देखरेख का लागते : गोळी घेण्याचा निर्णय रोज नव्याने करावा लागतो, आणि ज्या दिवशी प्यावेसे वाटते नेमक्या त्याच दिवशी ती चुकवणे सोपे असते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ६०५ पुरुषांवर झालेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २५० मिग्रॅ. गोळी, नाममात्र १ मिग्रॅ.ची गोळी व डायसल्फिराम नसलेला गट यांत पूर्ण व्यसनमुक्तीबाबत फरक दिसला नाही. मात्र ठरल्याप्रमाणे औषध घेणारे जेमतेम पाचवा हिस्सा होते. याउलट ब्रिटनमधील १९९२ च्या चाचणीत रोज कोणाच्या तरी समोर गोळी घेणाऱ्यांचे दारूविना गेलेले दिवस, तशाच देखरेखीखाली क जीवनसत्त्व घेणाऱ्यांपेक्षा जास्त भरले. मुंबईत अविनाश डिसूझा व सहकाऱ्यांनी १०० पुरुषांवर वर्षभर केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत घरच्या माणसाच्या देखरेखीखाली डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर राहिले. दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४४ टक्के होते. या सर्वांची कुटुंबे खंबीर होती, हे ध्यानात घेऊनच तो आकडा वाचावा. ज्या चाचण्यांत कोणती गोळी आहे हे रुग्णापासून लपवले जाते, त्यांत डायसल्फिराम फिके पडते. टीकाकार हा औषधाचा दोष मानतात. पण नाममात्र गोळी घेणारालाही तीच भीती असते, तेव्हा फरक दिसावा कसा, हा प्रतिवाद पटण्याजोगा आहे. गोळी शरीरात असणे आणि ती आहे हे माणसाला ठाऊक असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात.

पद्धत : नमुन्यादाखल कराड तालुक्यातील, उसाच्या वाहतुकीवर ट्रॅक्टर चालवणारा चाळिशीतील एक कल्पित रुग्ण घेऊ. शेवटचा पेग घेतल्यानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय गोळी सुरू करत नाहीत. प्रत्यक्षात थरथर ओसरेपर्यंत थांबणे बरे, म्हणून त्याला आधी आठवडाभर ती थांबवण्याची औषधे मिळतात. दरम्यान यकृताची रक्ततपासणी व हृदयाचा आलेख होतो. पूर्वी भ्रमिष्टपणाचा झटका येऊन गेला आहे का, क्षयाची औषधे चालू आहेत का, हे विचारले जाते. क्षयावरील आयसोनियाझिडसोबत तोल जाणे व वागणे बदलणे संभवते, तर जुलाबासाठी गावातल्या दवाखान्यात सहज लिहिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलसोबत भ्रम होऊ शकतो. परिणाम नीट समजावून त्याची संमती घेतल्यावर रोज २५० मिग्रॅ.ची गोळी सुरू होते.

देखरेख कोण करणार हे त्याने स्वतः सुचवायचे असते. तो बायकोचे नाव घेतो. सकाळच्या चहाआधी ती गोळी अर्धा कप पाण्यात विरघळवून देते, तो समोर पितो, नंतर दोघे दोन शब्द बोलतात. विरघळवल्यामुळे जिभेखाली दडवून नंतर थुंकण्याची सोय राहत नाही. गोळी कडू लागते किंवा गुंगी येते म्हटल्यास ती रात्री देता येते. दीड महिना हे सुरळीत चालते. मग गावच्या जत्रेच्या वीसेक दिवस आधी ‘पोटात जळजळ होते, चार दिवस थांबूया’ ही भाषा सुरू होते. अनुभवी समुपदेशक या वाक्याकडे पोटाची तक्रार म्हणून न पाहता तारीख विचारतात. दोन आठवड्यांची मुदत रुग्णालाही पाठ असते, आणि पिण्याचा बेत आखूनच गोळी थांबवली जाते. अशा वेळी बायकोने वाद घालायचा नसतो. गोळी नाकारल्याचे त्याच दिवशी व्यसनमुक्ती केंद्राला कळवायचे, एवढाच करार आधी ठरलेला असतो. घरात मारहाण होत असेल तर बायकोवर हे काम टाकू नये. भाऊ, मालक किंवा दवाखान्यातील परिचारिका चालते. विकर जखडलेलेच राहत असल्याने रोजच्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा मोठी मात्रा दवाखान्यातच देण्याची पद्धतही आहे.

देखरेख करणाराचे दुसरे काम यकृतावर लक्ष ठेवणे हे आहे. क्वचित, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत, या औषधाने यकृताला गंभीर सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून सुरू केल्यावर १० ते १४ दिवसांनी व पुढेही यकृताची तपासणी होते. पण दोन तपासण्यांच्या मधल्या काळात भूक मरणे, अंगाला खाज, लघवी गडद होणे हे घरच्यांनाच दिसते. सातारा-सांगलीत पिणाऱ्याला कावीळ झाली की ती दारूची मानून गावठी औषध देणाऱ्याकडे नेण्याची रीत अजून आहे. इथे ती घातक ठरते. गोळी त्याच दिवशी थांबवून रक्त तपासणे आवश्यक असते. पायाला मुंग्या येणे किंवा अचानक संशयी, असंबद्ध बोलणे दिसल्यासही गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे.

न सांगता देणे : पोळीच्या कणकेत किंवा आमटीत गोळी मिसळून नवऱ्याला नकळत दारू सोडवण्याचा मार्ग भारतात बराच वापरला जातो. त्यात औषधाचा धोका पूर्ण राहतो आणि परिणाम काहीच उरत नाही, कारण ज्याला ठाऊकच नाही तो थांबणार कशाने? तो नेहमीइतकी क्वार्टर घेतो, आणि गोळीही बहुधा हृदय वा यकृत न तपासताच दिलेली असते. रुग्णालयात आणल्यावर डॉक्टर हृदयविकार किंवा विषबाधा समजून शोध घेत राहतात. प्रतिक्रियेवर उतारा असा नाही. आडवे झोपवून पाय उंच करणे, सलाईन, प्राणवायू आणि हृदयाच्या लयीवर नजर, हाच उपचार. अशा प्रसंगी नातेवाइकांनी गोळीची पट्टी सोबत नेऊन पहिल्याच मिनिटाला दाखवावी.