नवे बूट, लवकरची पहाट आणि दोन स्पॅनिश क्रियापदं

माद्रिदमध्ये रात्रीचं जेवण नऊ-दहाला सुरू होतं आणि त्यानंतरच्या गप्पा सहज बारापर्यंत रंगतात. अशा मैफिलीतून मधेच उठायचं असेल तर एक वाक्य पुरेसं असतं: ‘मे वोय, के मान्याना माद्रुगो.’ निघतो आता, उद्या लवकर उठायचंय. शेवटचा ‘माद्रुगो’ हा एकच शब्द लवकर उठण्याचं सगळं काम करतो. त्याचं मूळ रूप ‘माद्रुगार’. इंग्रजीला यासाठी ‘गेट अप अर्ली’ असे तीन शब्द जोडावे लागतात. दुसरं क्रियापद ‘एस्त्रेनार’, म्हणजे एखादी वस्तू पहिल्यांदा वापरणं किंवा घालणं. इथे तर इंग्रजीला ‘फॉर द फर्स्ट टाइम’ अशी अख्खी शेपटी लावावी लागते.

अशा शब्दांना लोक ‘भाषांतर न होणारे शब्द’ म्हणतात. ते खरं नाही. दोन्हींचा अर्थ वर एकेका वाक्यात सांगून झाला. फरक आहे तो अर्थ कुठे ठेवला आहे याचा. इंग्रजीत ‘लवकर’ हा भाग क्रियापदाच्या बाहेर राहतो, स्पॅनिशमध्ये तो आतच मुरलेला असतो. आणि अर्थ आत मुरला की तो वेगळा वागू लागतो. हे वागणं तपासता येतं.

आधी ‘माद्रुगार’ घेऊ. समजा, रस्त्यावरच्या गोंगाटाने तुम्हाला पहाटे चारला जाग आली आणि तुम्ही नऊपर्यंत कूस बदलत पडून राहिलात. हे माद्रुगार नव्हे. अंथरूण सोडलं नाही, तर नुसत्या जागेपणाला हा शब्द लागत नाही. समजा, तुम्ही रात्रभर नाचून पहाटे पाचला घरी परतलात. तेही माद्रुगार नव्हे. त्यासाठी ‘त्रास्नोचार’ असं वेगळं क्रियापद आहे, रात्र जागून काढणं. एरवी अकराला उठणारा विद्यार्थी परीक्षेसाठी आठला उठला, तर तो मात्र ‘आज मी माद्रुगार केलं’ असं बिनदिक्कत म्हणतो. शब्दात घड्याळाचा ठरावीक आकडा नाही. झोप पुरी होण्याआधी, काहीतरी काम आहे म्हणून स्वतःला उठवणं, हा त्याचा गाभा आहे. म्हणून विमान पकडायचं असलं, दूरच्या गावी गाडी चालवत जायचं असलं, सकाळची पाळी असली की हा शब्द तोंडी येतो. त्यात बहुतेक वेळा थोडी कुरकूर असते. फारच लवकर उठावं लागलं तर त्याचं नामही तयार आहे, ‘माद्रुगोन’. आणि ज्याला मुळातच लवकर उठायची सवय आहे तो ‘माद्रुगादोर’. १६०५ साली छापल्या गेलेल्या ‘दोन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात नायकाची ओळख ‘मोठा माद्रुगादोर आणि शिकारीचा शौकीन’ अशी करून दिलेली आहे.

कुरकुरीला स्पेनमध्ये एक भौगोलिक कारणही आहे. ग्रीनिचची रेखावृत्तरेषा स्पेनच्या पूर्व भागातून जाते. म्हणजे देशाचा बहुतेक भाग लंडनच्या पश्चिमेला आहे. तरीही मार्च १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळं एक तास पुढे केली आणि स्पेन जर्मनीच्या वेळेवर गेला. तो आजही तिथेच आहे. त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला माद्रिदमध्ये सूर्य साडेआठनंतर उगवतो, आणि पश्चिम टोकाच्या गालिसियात नऊ वाजून गेल्यावर. तिथे हिवाळ्यात सातला उठणारा मिट्ट काळोखात उठतो, आणि त्याने माद्रुगार केलं असं म्हणण्याला काहीच हरकत नसते.

या शब्दाचं मूळ मात्र पहाटेत नाही. लॅटिनमध्ये ‘मातुरुस’ म्हणजे पिकलेलं, वेळेवर आलेलं. त्यावरून ‘मातुरारे’, म्हणजे पिकवणं आणि त्वरा करणं. बोलीतल्या लॅटिनमध्ये त्याचं ‘मातुरिकारे’ झालं असावं, असं व्युत्पत्तिकार मानतात. पुढे त चा द आणि क चा ग होऊन जुन्या स्पॅनिशमध्ये ‘मादुर्गार’ असं रूप आलं. मग ‘र’ने जागा बदलली आणि ‘माद्रुगार’ झालं. आपल्याकडे ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ होतं त्याच जातीचा हा बदल आहे. पिकलेल्या फळासाठीचा ‘मादुरो’ हा स्पॅनिश शब्द याचाच सख्खा भाऊ. ‘माद्रुगादा’ हे नाम याच क्रियापदापासून बनलं. त्याचा पसारा आपल्या पहाटेपेक्षा मोठा आहे. रात्री एकलाही ‘माद्रुगादाचा एक’ म्हणतात.

म्हणींमध्ये या क्रियापदाला दोन्ही बाजूंचे वकील मिळाले आहेत. ‘आ किएन माद्रुगा, दिओस ले आयुदा’, लवकर उठणाऱ्याला देव मदत करतो. आणि त्याला उत्तर म्हणून, ‘नो पोर मुचो माद्रुगार आमानेसे मास तेंप्रानो’, कितीही लवकर उठलात तरी उजाडायचं तेव्हाच उजाडतं. घाई करणाऱ्याला ही दुसरी म्हण ऐकवतात, मग तो झोपेतून उठलेला असो वा नसो. मेक्सिकोत हे क्रियापद माणसावरही चालतं. एखाद्याला ‘माद्रुगार करणं’ म्हणजे तो सावध होण्याआधीच डाव साधणं.

आता ‘एस्त्रेनार’. माझ्या मते दोघांपैकी हे अधिक खोल आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

कार्मेन नावाच्या एका काल्पनिक बाईंनी बूट घेतले असं धरू. दुकानात त्यांनी ते पायात घालून पाहिले. ही पहिलीच वेळ होती, पण तिला एस्त्रेनार म्हणत नाहीत. त्यासाठी ‘प्रोबार्से’ हे घालून पाहण्याचं क्रियापद आहे. घरी येऊन चामडं सैल व्हावं म्हणून त्या दोन दिवस खोलीत बूट घालून फिरल्या. तरीही ‘अजून एस्त्रेनार केले नाहीत’ असं त्या म्हणू शकतात. मग रविवारी ते घालून बाहेर पडल्या, तेव्हा बूट एस्त्रेनार झाले. म्हणजे शब्दकोशातल्या ‘पहिल्यांदा वापरणं’ या अर्थात एक न लिहिलेली अट आहे. वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामाला ती खऱ्या अर्थाने लागली पाहिजे.

हे क्रियापद आणि ‘पहिल्यांदा घालणं’ हा शब्दसमूह एकच नाहीत, हे नकार लावून बघितलं की दिसतं. ‘कार्मेनने बूट पहिल्यांदा घातले नाहीत’ या वाक्याशी जरा अडखळायला होतं. घातले, पण ती पहिली वेळ नव्हती, असाही अर्थ निघतो, आणि घातलेच नाहीत असाही. इंग्रजी वाक्यातही हाच घोळ होतो. ‘एस्त्रेनार केले नाहीत’ म्हटलं की असा घोळ होत नाही. बूट अजून कोरे आहेत, एवढाच अर्थ उरतो. पहिलेपण आणि वापर एकाच क्रियापदात असल्यामुळे नकार त्यातल्या एकालाच पकडू शकत नाही.

दुसरी परीक्षा पुनरावृत्तीची. ‘दर रविवारी मी बूट घालते’ या वाक्यात बूट एकच जोड असू शकतो. ‘दर वर्षी मी बूट एस्त्रेनार करते’ म्हटलं की दर वर्षी नवा जोड आलाच. तो वाक्यात कुठेही लिहिलेला नाही, क्रियापद तो स्वतःच आणतं. आणि ‘तीन तास बूट एस्त्रेनार केले’ असं कुणी म्हणत नाही, कारण ही क्रिया चालू राहत नाही, ती एका क्षणी घडून जाते. तत्त्वज्ञ झीनो वेंडलर यांनी १९५७ मध्ये क्रियापदांचे काळाच्या अंगाने चार वर्ग केले. त्यातल्या ‘पोहोचणं’, ‘जिंकणं’ अशा क्षणात पुऱ्या होणाऱ्या क्रियांच्या वर्गात एस्त्रेनार बसतं.

याचं मूळ रोमन नववर्षात आहे. लॅटिन ‘स्त्रेना’ म्हणजे शुभशकुन, आणि १ जानेवारीला शकुन म्हणून दिलेली भेट. सुएटोनियस हा चरित्रकार सांगतो की सम्राट तिबेरियसने १ जानेवारीनंतर अशा भेटींची देवघेव करायला बंदी घातली, तर कॅलिगुला त्या दिवशी राजवाड्याच्या दारात स्वतः उभा राहून लोकांकडून भेटी घेत असे. फ्रेंचमध्ये ‘एत्रेन’ हा नववर्षाच्या भेटीचा शब्द आजही आहे. स्पॅनिशमध्ये शकुन मागे पडला आणि पहिलेपण उरलं.

पण पुरता मागे पडलेला नाही. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, स्पेनमध्ये निदान मोज्यांचा एक जोड तरी नवा घालायची पद्धत आहे. म्हण सांगते, त्या दिवशी जो काही एस्त्रेनार करत नाही त्याचे हात गळून पडतात. व्हेनेझुएलात पोरांना नाताळात दोन ‘एस्त्रेनो’ हवे असतात, २४ डिसेंबरचा एक आणि ३१ डिसेंबरचा एक, म्हणजे नव्या कपड्यांचे दोन जोड. सिनेमाच्या पहिल्या खेळालाही ‘एस्त्रेनो’च म्हणतात.

विक्रेत्यांच्या तोंडी शकुन आणखी स्पष्ट आहे. ‘एस्त्रेनार्से’ या रूपाचा एक अर्थ दिवसाची पहिली विक्री होणं असा आहे. दुपार झाली तरी गिऱ्हाईक नसेल तर दुकानदार म्हणतो, आज अजून माझं एस्त्रेनार झालं नाही. आपला भाजीवाला नेमकं हेच ‘अजून भवानी झाली नाही’ असं सांगतो. आणि नव्या साडीपुरतं बोलायचं तर मराठीकडे एस्त्रेनारच्या अगदी जवळचा शब्दप्रयोग आहे: घडी मोडणं. ‘या साडीची अजून घडी मोडली नाही’ या वाक्यात नकार तसाच निःसंदिग्ध राहतो, आणि एका साडीची घडी दोनदा मोडत नाही. फक्त आपली घडी कापडापाशी थांबते. तिला बूट, सायकल किंवा घर चालत नाही. एस्त्रेनारला हे सगळं चालतं. स्पेनमधल्या जाहिरातींत ‘पिसो आ एस्त्रेनार’ म्हणजे ज्यात अजून कुणी राहिलेलं नाही असा कोरा फ्लॅट, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘सिन एस्त्रेनार’ म्हणजे घेऊन तशीच ठेवलेली, न वापरलेली वस्तू.

त्यालाही हद्द आहेच. पाव कापला किंवा वाइनची बाटली फोडली तर एस्त्रेनार म्हणत नाहीत, ‘सुरू केली’ म्हणतात. वापरून संपणाऱ्या वस्तूला हा मान सहसा मिळत नाही. मिक्सरच्या माहितीपत्रकातही बहुधा ‘पहिल्या वापराआधी भांडं धुवून घ्या’ असा लांब, कोरडा शब्दसमूहच छापलेला असतो, कारण तिथे फक्त क्रम सांगायचा आहे. पण नवा सदरा अंगात चढवण्याआधी धुवावा का, असं घरात कुणी विचारलं, तर प्रश्नात ‘एस्त्रेनार’च येतं.