अप्रतिसाद-अभिनतीची पडताळणी

सर्वेक्षणात उत्तर न देणाऱ्यांची मते उत्तर देणाऱ्यांपेक्षा वेगळी असल्यामुळे निष्कर्ष एका बाजूला झुकणे म्हणजे अप्रतिसाद-अभिनती. हा झुकाव दोन गोष्टींच्या गुणाकाराइतका असतो: गप्प राहिलेल्यांचे प्रमाण आणि दोन्ही गटांच्या सरासरींमधला फरक. प्रमाण हाती असते, फरक नसतो. त्याचा अंदाज घेण्याचे दोन मार्ग रूढ आहेत.

समजा, एका संस्थेने १,००० सभासदांना ‘आमची मासिक पत्रिका वाचता का?’ असे विचारले. पहिल्या पत्रानंतर २५० उत्तरे आली. त्यांत १५० ‘हो’ होते, म्हणजे ६० टक्के. स्मरणपत्रानंतर आणखी १५० आली. त्यांत ७२ ‘हो’, म्हणजे ४८ टक्के. एकूण ४०० जणांत वाचकांचे प्रमाण ५५.५ टक्के दिसते.

पहिल्या मार्गात उशिरा उत्तर देणाऱ्यांना गप्प राहिलेल्यांच्या जागी धरतात. आर्मस्ट्राँग आणि ओव्हरटन यांच्या १९७७ च्या लेखापासून तो विशेष प्रचलित झाला. उरलेल्या ६०० जणांतही ४८ टक्के वाचक धरले, तर एकूण आकडा ५१ टक्क्यांवर येतो. ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ यांची सीमा मात्र स्मरणपत्राच्या तारखेवर आखावी. आलेली उत्तरे नुसती मधोमध विभागली, तर दोन्ही गटांत आपणहून उत्तर देणारेच भरू शकतात आणि फरक पुसट होतो.

दुसऱ्या मार्गात गप्प राहिलेल्यांनाच गाठतात. हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये याचे गणित मांडले: टपालाला उत्तर न देणाऱ्यांतून यादृच्छिक पद्धतीने थोडे जण निवडायचे, त्यांची प्रत्यक्ष मुलाखत घ्यायची आणि त्यांच्या उत्तरांना साऱ्या गप्प गटाचे वजन द्यायचे. आपल्या उदाहरणात ६०० मधून ६० निवडले, फोनवर ४८ बोलले आणि १८ जणांनी ‘हो’ म्हटले, म्हणजे ३७.५ टक्के. आता एकूण आकडा ४४.७ टक्के होतो. झुकाव १०.८ टक्केबिंदूंचा होता आणि पहिल्या मार्गाने त्यातले फक्त ४.५ पकडले होते. उशिरा का होईना, उत्तर देणारा माणूस अखेर उत्तर देणाराच असतो. पहिल्या मार्गाची ही मूळ मर्यादा आहे.

दुसरा मार्गही निर्दोष नाही. ४८ जणांच्या नमुन्यामुळे अंतिम आकडा सुमारे आठ टक्केबिंदू इकडेतिकडे होऊ शकतो. शिवाय १२ जण सापडलेच नाहीत: ते सगळे ‘नाही’ म्हणाले असते तर आकडा ४०.२, सगळे ‘हो’ म्हणाले असते तर ५२.२. फोनवर समोरच्याला बरे वाटावे म्हणूनही ‘हो’ म्हटले जाते. त्यामुळे कागदावरच्या आणि तोंडी उत्तरांतला सगळाच फरक अप्रतिसादाच्या खात्यावर टाकता येत नाही.

सर्वाधिक फसगत सांख्यिकीय चाचणीच्या निकालावरून होते. लवकर आणि उशिरा गटांतला फरक ‘लक्षणीय नाही’ असे आढळले की अहवालात ‘अभिनती नाही’ असे लिहून टाकतात. गट लहान असतील तर मोठा फरकही चाचणीत दिसत नाही. पुष्कळदा तुलना होते ती वय आणि शिक्षणाची, तर अभ्यासाचा प्रश्न असतो वाचनाचा. वयात साम्य असलेले दोन गट वाचनात खूप वेगळे असू शकतात, म्हणून तुलना मुख्य प्रश्नावरच करावी आणि फरकाचा आकडा त्याच्या त्रुटीमर्यादेसह द्यावा.