फ्लोटिंग शेल्फ पुढे का झुकतं? रॉड नाही, भोक बघा

मी पहिल्यांदा असं शेल्फ लावलं, म्हणजे भिंतीत दोन लोखंडी रॉड बसवून फळी त्यावर सरकवायची, बाहेरून ना ब्रॅकेट ना स्क्रू, तर दुसऱ्याच दिवशी त्यावरचं पेन घरंगळून खाली. म्हटलं रॉड वाकला. काढून बघतो तर एकदम सरळ!

मग हिशोब मांडला. फळी 25 सेंमी रुंद, पुस्तकांसकट वजन 15 किलो, ते सरासरी भिंतीपासून साडेबारा सेंमीवर. म्हणजे भिंतीपाशी एकेका रॉडला साधारण 9 न्यूटन-मीटर इतका जोर वाकवायला बघतो. 12 मिमीच्या साध्या रॉडला हे किरकोळ आहे, चौपट भार दिला तरी तो कायमचा वाकत नाही.

खरी भानगड भोकाच्या ढिलाईत असते. भिंतीतलं भोक 10 सेंमी खोल आणि अर्धा मिमी सैल असेल तर भार आल्यावर रॉड तोंडाशी खाली टेकतो आणि मागचं टोक वर उचललं जातं, तेवढ्यानेच फळीची पुढची कड सव्वा मिमी खाली येते. फळीतलं 15 सेंमीचं भोकही तितकंच सैल असलं आणि वजन पुढच्या कडेकडे असलं की अजून साधारण पाऊण मिमी. झाले दोन! त्यात सगळ्यात जास्त दाब नेमका भोकाच्या तोंडाशी, आणि तिथे असतं भुसभुशीत प्लास्टर, ते दाबलं गेलं की अजून झुकतं. म्हणून प्लास्टर 2 सेंमी असेल तर भोक 12 सेंमी पाडा, खोली विटेपासून मोजायची.

दुसऱ्यांदा मी उलटा क्रम धरला. आधी 4 सेंमी जाड लाकडी फळीत मधोमध 12 मिमीची भोकं, काटकोनात, बिट सरळ राहावं म्हणून गाइड लावून. मग त्याच अंतरावर भिंतीत 14 मिमीची, कारण हॅमर ड्रिलचं बिट विटेत थोडं भरकटतंच आणि ती चूक मुरवायला जागा लागते. भूसा फुंकून, ब्रश मारून पूर्ण काढला, नाहीतर इपॉक्सी, म्हणजे रॉड भिंतीत पक्का धरणारं केमिकल, भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतं. मग भोकात इपॉक्सी भरून रॉड फळीसकटच आत ढकलले, फळी इपॉक्सीला चिकटू नये म्हणून तिच्या पाठीला आधी टेप लावलेली, खालून टेकू, वर लेव्हल, आणि रात्रभर हात लावला नाही. रॉड आपोआप फळीच्या भोकांच्या रेषेत घट्ट झाले.

पोकळ ब्लॉकच्या भिंतीत मात्र इपॉक्सी आत सांडून जातं, तिथे जाळीची स्लीव्ह हवीच. पार्टिकल बोर्डची फळी तर नकोच, भोकाची कड चुरते.

आधीच लावलेलं शेल्फ झुकलं असेल तर फळी ओढून काढा आणि रॉडचं टोक हाताने वरखाली करून बघा. हललं तर भिंतीत ढिलाई आहे, नाही हललं तर बहुधा फळीतलं भोक मोठं झालंय, तिथे रॉडवर टेपचा एखादा वेढा देऊन काम भागतं.