नोकरीत असताना आलेलं अपंगत्व: 'सतत आजारी' या शेऱ्यापासून कलम २० पर्यंत

एसटीच्या चालकाची नजर अधू झाली किंवा अपघातात पाय गेला, तर त्याला बस चालवायला देता येणार नाही, यावर कोणाचा वाद नाही. वाद पुढच्या वाक्यावर होतो. 'चालक म्हणून अपात्र' याचा अर्थ 'नोकरीला अपात्र' असा घ्यायचा का? १९९६ पर्यंत आपल्याकडे बहुतेक वेळा तसाच घेतला जाई, आणि कायदाही आड येत नसे.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये कामगार कपातीची व्याख्या होती. कपात केली तर नोटीस आणि भरपाई द्यावी लागे. पण त्याच व्याख्येत काही अपवाद होते आणि त्यांत 'सततच्या अनारोग्यामुळे सेवासमाप्ती' हाही एक. म्हणजे वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवलेल्या माणसाला कपातीची भरपाईही मिळत नसे. सरकारी कर्मचाऱ्याला निदान रुग्णता निवृत्तिवेतन होतं, तेही सेवेच्या वर्षांच्या हिशेबाने. चाळिशीत अपंगत्व आलं तर हाती येणारी रक्कम तुटपुंजी असे.

या चौकटीला पहिला मोठा धक्का राजस्थानच्या बसचालकांनी दिला. राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाने दृष्टी कमी झालेल्या चालकांना कमी केलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आनंद बिहारी खटल्यात न्यायालयाने कायद्याचा अर्थ मालकाच्या बाजूने लावला : ही कपात नव्हे, अनारोग्याचा अपवाद लागू होतो. पण रात्रंदिवस गाडी हाकूनच डोळे गेले असतील, तर त्याचा सगळा भार चालकावर टाकणं न्याय्य नाही, असंही म्हटलं. म्हणून न्यायालयाने स्वतःच एक योजना घालून दिली. आधी जमेल असं दुसरं काम देऊ करा. काम नसेल तर निवृत्तीच्या लाभांखेरीज उरलेल्या सेवेच्या दर वर्षामागे भरपाई द्या : सेवा पाच वर्षांपर्यंत असेल तर ७ दिवसांचा पगार, पाच ते दहा वर्षे असेल तर १५ दिवसांचा, दहा ते पंधरा असेल तर २१ दिवसांचा, पंधरा ते वीस असेल तर एक महिन्याचा आणि त्यापुढे दोन महिन्यांचा.

हा तक्ता आज कोणी वापरत नाही, पण नंतरच्या कायद्याने काय बदललं ते त्यावरून नेमकं मोजता येतं. समजा, ४४ वर्षांचा चालक आहे, सेवा १६ वर्षे झाली आहे, निवृत्तीचं वय ५८. उरलेली सेवा १४ वर्षे. दर वर्षामागे एक महिना, म्हणजे चौदा महिन्यांचा पगार हाती ठेवून घरी. आजच्या कायद्याने त्याच माणसाला चौदा महिने नव्हे, चौदा वर्षे पगार मिळायला हवा, आणि तो वार्षिक वेतनवाढीसह.

हा बदल अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम, १९९५ ने केला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला आणि त्यातलं कलम ४७ इथे कामाचं. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येणार नाही, त्याची पदावनती करता येणार नाही. मूळ पदाचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. असं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवायचं, म्हणजे मंजूर पदांपेक्षा एक जास्तीचं पद त्याच्यापुरतं धरायचं. योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे आधी येईल तोवर. केवळ अपंगत्वामुळे बढती नाकारता येणार नाही, हेही त्याच कलमात होतं.

कलम पुस्तकात आलं, तरी कार्यालयांच्या सवयी तशाच राहिल्या. त्या मोडायला दोन खटले लागले.

पहिला कुणाल सिंह यांचा. ते विशेष सेवा ब्युरोत कॉन्स्टेबल होते. कर्तव्यावर पायाला इजा झाली, पाय कापावा लागला आणि १९९८ मध्ये त्यांना वैद्यकीय कारणाने सेवेतून निवृत्त केलं. सरकारचं म्हणणं असं की, यांना निवृत्तिवेतन दिलं, विषय संपला. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते फेटाळलं. निवृत्तिवेतन घेतलं म्हणून कलम ४७ चा हक्क संपत नाही, आणि हे कलम मालकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही, बंधनकारक आहे. या निकालातला एक बारकावा वकीलही विसरतात. कायद्यात आरक्षणासाठी पात्र 'अपंग व्यक्ती'ची व्याख्या वेगळी होती, तिला किमान ४० टक्के अपंगत्वाची अट होती. कलम ४७ मात्र 'अपंगत्व आलेला कर्मचारी' असे शब्द वापरत होतं. भरतीतल्या आरक्षणाचा आणि सेवेतल्या संरक्षणाचा निकष एकच धरण्याची चूक इथूनच सुरू होते.

दुसरा खटला भगवान दास यांचा. पंजाब राज्य वीज मंडळात ते सहायक लाइनमन. १९९४ मध्ये दृष्टी पूर्ण गेली. १९९६ मध्ये त्यांनी अर्ज दिला : मला निवृत्त करा, माझ्या पत्नीला नोकरी द्या. मंडळाने अर्जातला पहिला भाग उचलला आणि निवृत्त केलं. पत्नीला नोकरी दिली नाही. पुढे मंडळ म्हणालं, त्यांनी स्वतःच मागितलं होतं. न्यायालयाने २००८ मध्ये त्यांना परत सेवेत घ्यायला लावलं. आपल्याला कोणता हक्क आहे हे माहीत नसलेल्या, अचानक आंधळ्या झालेल्या माणसाचा अर्ज स्वेच्छेचा धरता येत नाही; हक्क समजावून सांगणं वरिष्ठांचं काम होतं. दृष्टी गेली तेव्हा कायदा नव्हता, पण नोकरीवरून काढलं तेव्हा तो लागू होता. 'वारसाला लावून घेतो, तुम्ही स्वेच्छानिवृत्ती लिहून द्या' हे वाक्य आपल्याकडच्या आगारांत, शाळांत आणि नगरपालिकांतही अपरिचित नाही, म्हणून हा निकाल जवळ ठेवण्यासारखा आहे.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली आणि जुना कायदा अपुरा ठरला. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. कलम ४७ चा मजकूर त्यात कलम २०, पोटकलम (४) मध्ये उतरला, पण एका शब्दाच्या फरकाने. जुन्या कायद्यात दुसऱ्या पदावर 'बदली करता येईल' असा अर्थ निघेल असे शब्द होते, नव्यात 'करावी' असं आहे. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. आणि पोटकलम (२) ने सरकारी आस्थापनेवर वाजवी सोयी पुरवण्याचं कर्तव्य टाकलं. अशी सोय नाकारणं हा भेदभावच, असं व्याख्येतच म्हटलं आहे.

यामुळे प्रश्नांचा क्रम बदलला आणि व्यवहारात सर्वाधिक चुका याच क्रमात होतात. पहिला प्रश्न असा : काही फेरफार करून मूळ पदावरच काम करता येईल का? लिपिकाची दृष्टी गेली तर संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवून टिपणी लिहिता येते. शिक्षकाचा पाय गेला तर वर्ग तळमजल्यावर आणता येतो. डायलिसिस चालू असलेल्याची पाळी बदलता येते. हे जमत नसेल तरच दुसरं पद, आणि तेही नसेल तरच अधिसंख्य पद. कार्यालयं पहिली पायरी गाळून थेट 'पर्यायी पद उपलब्ध नाही' असं लिहितात. सोय देण्याला मर्यादा आहे, अवाजवी बोजा पडत असेल तर ती नाकारता येते. पण तो बोजा त्या विशिष्ट प्रकरणात दाखवावा लागतो, नुसता शेरा चालत नाही. विकास कुमार खटल्यात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वाजवी सोय ही त्या माणसाची गरज पाहून ठरवायची आणि तिला ४० टक्क्यांची अट नाही. त्याच वर्षी रवींद्र कुमार धारीवाल खटल्यात हे संरक्षण मानसिक आजारापर्यंत पोहोचलं : आजाराशी जोडलेल्या वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरला.

चालकांचा प्रश्न २०२५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आला. सीएच. जोसेफ २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या मार्ग परिवहन महामंडळात चालक म्हणून लागले, नंतर तपासणीत रंगांधळे ठरले आणि २०१६ मध्ये त्यांना निवृत्त केलं. रंगांधळेपणा अपंगत्वाच्या यादीत नाही, हा मालकाचा हमखास युक्तिवाद. त्यावर १९७९ चा कामगार करार कामी आला. रंगांधळ्या चालकाला वेतन राखून पर्यायी काम देण्याचं कलम त्यात होतं. पर्यायी काम शोधण्याचा प्रयत्नच झाला नाही, असं म्हणत न्यायालयाने त्याच वेतनश्रेणीत नेमणूक आणि मधल्या काळाच्या थकबाकीचा २५ टक्के हिस्सा द्यायला लावला. म्हणजे यादीत बसत नसणाऱ्याने आपल्या संघटनेचे जुने करार उघडून पाहावेत.

तेव्हा ज्याच्यावर ही वेळ येईल त्याने राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊ नये. वैद्यकीय मंडळाकडून 'अपात्र' एवढाच शेरा न घेता, कोणतं काम करता येईल तेही लिहून मागावं. मग कलम २० (४) चा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि त्यात आपल्याला जमतील अशी दोन-तीन पदं सुचवावीत. मधला काळ बिनपगारी रजेत टाकला जातो का, यावर लक्ष ठेवावं. कलमातल्या अधिसंख्य पदाचा उद्देशच हा खंड पडू नये हा आहे. शिपायाचं काम मिळालं तरी वेतनश्रेणी चालकाचीच राहायला हवी, हे वेतननिश्चितीच्या आदेशात तपासावं. तक्रार आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करता येते, तिची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. नंतर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं, पण त्यांची शिफारस ही शिफारसच. मान्य नसेल तर आस्थापनेने तीन महिन्यांत कारण कळवायचं असतं. पक्का आदेश हवा असेल तर उच्च न्यायालय.

हे सारं सरकारी आस्थापनेपुरतं आहे. त्यात महामंडळं, महापालिका, सरकारी कंपन्या आणि अनुदानित संस्था येतात. खासगी कंपनीवर कलम २० (४) लागू नाही, ही या कायद्यातली सर्वांत मोठी फट. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरण प्रसिद्ध करावं लागतं, त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सोयी, बदली आणि विशेष रजा यांबद्दल लिहावं लागतं. कंपनीने स्वतः लिहिलेल्या त्या धोरणाची प्रत मागून घेणं, हीच तिथल्या कर्मचाऱ्याची पहिली पायरी.