मनोऱ्याच्या पट्ट्या आणि पंधरा-पासष्टची रेघ

लोकसंख्या मनोऱ्याचा स्क्रीनशॉट हातात आहे, त्यामागचा आकड्यांचा तक्ता मिळत नाही, आणि तरीही दोन गोष्टी सांगायच्या आहेत: कामाच्या वयाच्या माणसांमागे लहान आणि वृद्ध किती हे सांगणारं अवलंबित्व गुणोत्तर साधारण किती, आणि सर्वांत मोठा वयोगट कोणता. अशा वेळी आपण डोळे बारीक करून पट्टीचं टोक अक्षावर नेमकं कुठे येतं ते पाहू लागतो. तिथे होणारी चूक किरकोळ असते. मोठी चूक होते ती मनोरा काढणाऱ्याने आधीच घेऊन ठेवलेल्या निर्णयांकडे दुर्लक्ष केल्यामुळे. हे निर्णय चित्रात कुठून आले ते पाहिलं, की वाचणं बरंच सोपं होतं.

छापील मनोऱ्यांमध्ये सर्वांत जुन्यांपैकी काही १८७४ सालचे आहेत. अमेरिकेच्या १८७० च्या जनगणनेचे प्रमुख फ्रान्सिस वॉकर यांनी त्या जनगणनेवर आधारित सांख्यिकीय नकाशासंग्रह काढला आणि त्यात वयाचे थर एकावर एक रचून, मधल्या रेघेच्या दोन बाजूंना पुरुष आणि स्त्रिया दाखवल्या. अनेक राज्यांचे मनोरे शेजारी शेजारी ठेवायचे असतील, तर माणसांची नुसती संख्या काढून भागत नाही. मोठ्या राज्यापुढे छोट्याचा मनोरा दिसणारच नाही. तिथे वाटाच काढावा लागतो. पण वाटा कशाचा? एकूण लोकसंख्येचा, की पुरुषांचा पुरुषांत आणि स्त्रियांचा स्त्रियांत? हा प्रश्न आजच्या प्रत्येक स्क्रीनशॉटलाही विचारावा लागतो. त्याकडे पुढे येऊच.

दुसरं महत्त्वाचं नाव गुस्ताव सुंडबेर्ग या स्वीडिश सांख्यिकीतज्ज्ञाचं. स्वीडनमध्ये १७४९ पासून लोकसंख्येचे तक्ते पद्धतशीर गोळा होत होते, त्यामुळे त्याच्यापुढे दीडशे वर्षांची सामग्री होती. १९०० च्या सुमारास त्याने दाखवलं, की १५ ते ४९ वयाची माणसं बहुतेक ठिकाणी एकूण लोकसंख्येच्या निम्म्याच्या आसपास असतात. उरलेल्या निम्म्यात मुलं किती आणि पन्नाशीपुढचे किती, एवढंच बदलतं. त्यावरून त्याने वाढती, स्थिर आणि घटती असे लोकसंख्येचे तीन प्रकार केले. शाळेच्या पुस्तकातले रुंद पायाचा, घंटेसारखा आणि पाया आत गेलेला हे तीन मनोरे आठवत असतील, तर त्यांचं मूळ या विभागणीशी जोडलेलं आहे.

सुंडबेर्गची वरची रेघ पन्नाशीवर होती हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आज आपण ती ६५ वर ओढतो. हा आकडा ओळखीचा झाला तो पेन्शनच्या कायद्यांमुळे. बिस्मार्कने ६५ ठरवले असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. जर्मनीच्या १८८९ च्या कायद्यात वय ७० होतं आणि ते ६५ वर आलं १९१६ मध्ये. अमेरिकेने १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात ६५ हाच आकडा घेतला. अवलंबित्व गुणोत्तराची आजची प्रचलित व्याख्या अशी: ० ते १४ आणि ६५ च्या पुढचे मिळून जेवढे, त्यांना १५ ते ६४ वयाच्या लोकांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. म्हणजे कामाच्या वयाच्या दर १०० माणसांमागे लहान आणि वृद्ध किती. कोण खरोखर कमावतं, याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. विशीतला विद्यार्थी इथे आधार देणारा ठरतो आणि सत्तरीतला दुकानदार अवलंबून असलेला.

आता स्क्रीनशॉट. समजा, चित्रात पाच-पाच वर्षांच्या सतरा पट्ट्या आहेत, तळाशी ०–४ आणि शेंड्याला ८०+. गुणोत्तर काढायला अक्षावरचे आकडे लागतच नाहीत. भागाकारात वर आणि खाली दोन्हीकडे पट्ट्यांची लांबीच आहे, त्यामुळे एकक कापलं जातं. कोणत्याही साध्या चित्र-संपादकात पट्टीची सुरुवात आणि टोक यांवर कर्सर नेला, की पिक्सेल मिळतात. दोन्ही बाजू एकाच प्रमाणात काढलेल्या असल्या, की तेवढं पुरे.

उदाहरणासाठी मी एक काल्पनिक मनोरा घेतो. त्यात तळाच्या तीन गटांची, डावी-उजवी मिळून, लांबी १८०, १९१ आणि २०२ पिक्सेल भरली, बेरीज ५७३. १५–१९ पासून ६०–६४ पर्यंतचे दहा गट मिळून १७०८ झाले. वरचे चार गट ७५, ५५, ३५ आणि २९, म्हणजे १९४. लहान आणि वृद्ध मिळून ७६७. भागिले १७०८, गुणिले १००, उत्तर ४४.९. यातली मुलांची बाजू ३३.५ आणि वृद्धांची ११.४. हे दोन भाग वेगळे सांगावेत असं माझं मत आहे, कारण पंचेचाळीसचं गुणोत्तर तरुण देशाचंही असू शकतं आणि म्हाताऱ्या देशाचंही.

हाताच्या मापाने किती फरक पडेल? समजा शून्याची रेघ एक पिक्सेल चुकली आणि प्रत्येक बाजूची प्रत्येक पट्टी तेवढी लांब मोजली गेली. मग ७८१ भागिले १७२८, म्हणजे ४५.२. उलट बाजूला चुकली तर ४४.६. पाऊण टक्काही हलत नाही. आता वृद्धत्वाची रेघ ६५ ऐवजी ६० वर घेऊ, जशी अनेक देशांच्या आकडेवारीत घेतात. ६०–६४ चे ९६ पिक्सेल खालून वर जातात, ८६३ भागिले १६१२ होतं आणि गुणोत्तर ५३.५ वर पोचतं. पट्ट्या त्याच, मोजणारा तोच, फरक साडेआठांचा. म्हणून उत्तराशेजारी वयाची रेघ लिहिलेली नसेल, तर दोन मनोऱ्यांची तुलना करूच नये.

पिक्सेल मोजताना खरा घोटाळा मधल्या फटीत होतो. बऱ्याच मनोऱ्यांत वयांची नावं मधोमध लिहिलेली असतात आणि डावी-उजवी पट्टी त्या रकान्याच्या दोन कडांपासून सुरू होते. आपण चित्राच्या मध्यापासून मोजलं आणि ती अर्धी फट २० पिक्सेलची असली, तर प्रत्येक गटात ४० पिक्सेल फुकट मिसळतात. वरच्या उदाहरणात गुणोत्तर थेट ४९.७ होतं. ही चूक ओळखता येते. सर्वांत जास्त फुगतात त्या शेंड्याच्या चिमुकल्या पट्ट्या. आपल्या बेरजेत ८०+ चा गट २९ ऐवजी ६९ निघाला आणि ७०–७४ च्या जवळ जाऊन बसला, पण चित्रात तसं दिसत नसलं, तर माप चुकीच्या रेघेपासून घेतलं आहे.

अक्षाचा उपयोग होतो तो पडताळ्यासाठी. समजा अक्षावर ४ टक्क्यांची खूण शून्यापासून ९९ पिक्सेलवर आहे. म्हणजे १ टक्का २४.७५ पिक्सेलचा. आपल्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज २४७५. भागाकार बरोबर १००, म्हणजे वाटा एकूण लोकसंख्येचा आहे. हीच टक्क्यांतली बेरीज २०० च्या आसपास आली असती, तर वॉकरच्या वेळचा तो प्रश्न पुन्हा उभा राहिला असता: प्रत्येक बाजू आपापल्या शंभरातली आहे. स्त्री-पुरुष साधारण सारखे असतील, तर त्याने फारसं बिघडत नाही. पण कतारसारख्या देशात, जिथे परदेशी मजुरांमुळे जवळपास तीन चतुर्थांश लोकसंख्या पुरुषांची आहे, असा मनोरा दोन्ही बाजूंना सारखाच जाड दिसेल आणि नुसती बेरीज फसवेल. तिथे पुरुष आणि स्त्रियांची एकूण संख्या बाहेरून आणून दोन्ही बाजूंना वजन द्यावं लागतं. बेरीज ९० च्या घरात अडकली, तर बहुधा स्क्रीनशॉट घेताना वरची किंवा खालची एखादी पट्टी कापली गेली आहे. आपल्या उदाहरणात ८०+ गेली असती तर बेरीज ९९ च्या खाली उतरली असती आणि गुणोत्तर ४३.२ वर.

मोठा वयोगट ओळखणं त्याहून सोपं वाटतं, आणि तिथेच घाई होते. आपल्या मनोऱ्यात डावीकडे सर्वांत लांब पट्टी २०–२४ ची आहे, १०९ पिक्सेल. उजवीकडे सर्वांत लांब २५–२९ ची, १०६. दोन्ही बाजू मिळवल्या तर २०–२४ चे २१३ होतात आणि २५–२९ चे २१४. एका पिक्सेलचा विजय म्हणजे विजय नव्हे. मोजण्याची चूकच एवढी आहे, म्हणून ‘हे दोन गट जवळपास बरोबरीत’ हेच प्रामाणिक उत्तर. एका बाजूची लांब पट्टी बघून गट सांगणाऱ्याने नाणं उडवून सांगितल्यासारखं आहे.

गटांची रुंदी सारखी आहे का, हेही बघावं लागतं. सर्वांत जास्त फसवतो तो वरचा उघडा गट. २०२३ मध्ये जपानच्या लोकसंख्येत ८० वर्षांवरच्या लोकांचा वाटा १० टक्क्यांपलीकडे गेला. तिथला मनोरा ८०+ वर संपवला तर शेंड्याचीच पट्टी सर्वांत लांब होते, कारण तिच्यात पाच नव्हे, वीस-पंचवीस वर्षांच्या पल्ल्यातली माणसं कोंबलेली आहेत. तोच मनोरा १००+ पर्यंत नेला की ती पट्टी चार-पाच पट्ट्यांत विभागली जाते आणि सर्वांत लांब जागा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांकडे येते. उघडा गट या स्पर्धेतून बाहेरच ठेवावा.

याच्या उलट फार बारीक गट. वर्षागणिक काढलेल्या जपानी मनोऱ्यात १९६६ ची खाच स्पष्ट दिसते. ते ‘अग्नी-अश्व’ वर्ष होतं, आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते अशी समजूत असल्याने जन्म १९६५ च्या १८.२ लाखांवरून १३.६ लाखांवर आले. पाच वर्षांच्या गटात हीच खाच शेजारच्या वर्षांत बुडून जाते. खाच पाहायची असेल तर बारीक मनोरा चांगला, पण सर्वांत मोठं वय विचारायला तो वाईट असू शकतो. जन्मतारखेची नोंद कच्ची आहे अशा ठिकाणी लोक आपलं वय ३०, ३५, ४० असं गोल करून सांगतात, आणि मनोरा कंगव्यासारखा दातेरी होतो. तिथे ३० वर्षांची पट्टी सर्वांत लांब दिसली, तर तिच्यात २९ ची आणि ३१ ची माणसंही मिसळलेली आहेत, एवढंच कळतं. अशा मनोऱ्यात आधी २८ ते ३२ अशी पाच वर्षं एकत्र करावीत, म्हणजे गोल आकडा गटाच्या मधोमध येतो आणि त्याने ओढून घेतलेली माणसं पुष्कळशी आपल्याच गटात राहतात.