ऑप-अँप, लांब केबल आणि १०० ओहमचा एक रेझिस्टर

ऑप-अँपचं सगळ्यात साधं सर्किट म्हणजे बफर. आउटपुटची पिन थेट निगेटिव्ह इनपुटला जोडायची आणि सिग्नल पॉझिटिव्ह इनपुटला द्यायचा. जेवढं व्होल्टेज आत, तेवढंच बाहेर. फरक एवढाच, की सेन्सरला जो करंट देता येत नाही तो आता ऑप-अँप देतो. ब्रेडबोर्डवर लावलं की हे सर्किट पहिल्याच झटक्यात चालतं. मग त्याच आउटपुटला १० मीटर केबल जोडली जाते आणि ऑसिलोस्कोपवर वेगळंच चित्र उमटतं. इनपुटला सरळ कडांची स्क्वेअर वेव्ह आहे, पण आउटपुटच्या प्रत्येक कडेनंतर लहर वर उसळते, खाली जाते, पुन्हा वर येते आणि बऱ्याच हेलकाव्यांनंतर शांत होते. या हेलकाव्यांना रिंगिंग म्हणतात.

पहिला संशय ऑप-अँपवर येतो. चिप बदलली जाते, पण हेलकावे तसेच राहतात, कारण चिपमध्ये काही बिघाड झालेलाच नसतो. बदल झाला आहे तो आउटपुटला लागलेल्या कपॅसिटन्समध्ये. आरजी-५८ सारख्या कोअ‍ॅक्सिअल केबलची आतली तार आणि बाहेरची जाळी मिळून दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स होतो. १० मीटरचे झाले १००० पिकोफॅरड, म्हणजे १ नॅनोफॅरड. केबलचं दुसरं टोक मोठ्या रेझिस्टन्सच्या इनपुटला जोडलेलं असेल, तर ऑप-अँपच्या दृष्टीने ती केबल म्हणजे आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावलेला कपॅसिटरच.

आता एवढ्याशा कपॅसिटरने सर्किट डोलू का लागावं? उत्तर फीडबॅकच्या वेळेत आहे.

ऑप-अँप सतत आपलं आउटपुट इनपुटशी ताडून पाहतो आणि फरक दिसला की तो कमी करायला धावतो. ही दुरुस्ती वेळेवर झाली तर सगळं स्थिर राहतं. उशिरा झाली तर काय होतं ते झोपाळ्यावर कळतं. झोपाळा आपल्याकडे येत असताना हात पुढे केला तर तो थांबतो. तोच धक्का अर्ध्या झोक्याएवढ्या उशिराने दिला तर झोका वाढतो, जोर तेवढाच असला तरी. विद्युत सिग्नलमध्ये हा उशीर अंशांत मोजतात. पूर्ण झोका ३६० अंशांचा, अर्धा १८० अंशांचा. फीडबॅकच्या वाटेवर एकूण उशीर १८० अंशांपर्यंत पोहोचला आणि त्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल अजून पुरेसा मोठा उरला असेल, तर वजाबाकीची बेरीज होते आणि सर्किट आपणहून दोलायमान होतं. हा हिशेब काटेकोरपणे मांडला तो अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या हॅरी नायक्विस्ट यांनी, १९३२ मध्ये.

१८० अंशांच्या अलीकडे आपण किती अंशांवर थांबलो आहोत, त्या शिल्लक अंतराला फेज मार्जिन म्हणतात. ६० अंश शिल्लक असतील तर लहर जवळजवळ न डोलता स्थिरावते. ४५ अंशांना ओव्हरशूट, म्हणजे कडेनंतरची पहिली उसळी, साधारण पाव उंचीची होते. २० अंशांना ती निम्म्याच्याही वर जाते.

ऑप-अँपने यातले ९० अंश आधीच खर्च केलेले असतात, आणि तेही मुद्दाम. डेव्ह फुलागर यांनी १९६८ मध्ये बनवलेल्या ७४१ या प्रसिद्ध चिपमध्ये ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर आतच बसवलेला होता. फ्रिक्वेन्सी वाढत जाईल तसं अ‍ॅम्प्लिफिकेशन शिस्तीत उतरत जावं आणि फीडबॅक लावल्यावर चिप डोलू नये, यासाठी ती योजना होती. आजचे बहुतेक ऑप-अँपही त्याच तत्त्वावर चालतात. थोडक्यात, स्थिरतेचा बंदोबस्त चिप बनवणाऱ्यानेच केलेला असतो. फक्त आउटपुटला तुम्ही काय लटकवणार हे त्याला माहीत नसतं.

आकडे घालून पाहू. समजा आपला ऑप-अँप ३ मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला त्याचं अ‍ॅम्प्लिफिकेशन १ वर येतं. बफर म्हणून लावल्यावर त्याचं स्वतःचं फेज मार्जिन ६० अंश आहे. आणि फीडबॅक नसताना त्याचा आउटपुट रेझिस्टन्स १०० ओहम आहे. हा शेवटचा आकडा फार महत्त्वाचा. बफरचा आउटपुट रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो असं आपण शिकतो, पण तो शून्यासारखा भासतो तो फीडबॅकमुळे. आत १०० ओहम असतातच, आणि केबलचा कपॅसिटर त्यांच्यामागे उभा राहिला की दोघांचं मिळून एक आरसी सर्किट तयार होतं.

f = 1/(2πRC)

या सूत्रात १०० ओहम आणि १ नॅनोफॅरड घातले की सुमारे १.६ मेगाहर्ट्झ येतात. या फ्रिक्वेन्सीला ही जोडी ४५ अंशांचा उशीर घालते आणि त्याच्या वर आणखी जास्त. शिवाय ती सिग्नल थोडा दाबते, त्यामुळे फीडबॅकची निर्णायक फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिथे फीडबॅकच्या पूर्ण फेरीत सिग्नल जेवढ्यास तेवढाच उरतो ती, ३ वरून १.९ मेगाहर्ट्झच्या आसपास उतरते. तिथे ऑप-अँपचे मूळ ९० अंश, त्याच्या आतल्या बारीकसारीक उशिरांचे २० आणि केबलचे ५०, असे १६० अंश खर्च होतात. शिल्लक राहिले २०. म्हणूनच पडद्यावर निम्म्याहून मोठी उसळी दिसते, आणि हेलकावे साधारण अर्ध्या मायक्रोसेकंदाला एक या गतीने येतात. केबल १०० मीटर केली, म्हणजे १० नॅनोफॅरड, तर हाच हिशेब जेमतेम ६ अंशांवर येतो. असं सर्किट एकेका कडेनंतर बराच वेळ वाजत राहतं. सिग्नलमधला गोंधळ गाळण्यासाठी कुणी बफरच्या आउटपुटला थेट १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावतं तेव्हा तर मार्जिन जवळपास संपतंच. चांगल्या हेतूने केलेली ही गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण तो कपॅसिटर दिसायला अगदी योग्य जागी बसलेला असतो.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. १० पट अ‍ॅम्प्लिफाय करणारं सर्किट याच केबलवर बिनतक्रार चालतं. त्याची निर्णायक फ्रिक्वेन्सी ३०० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि तिथे केबलचा उशीर फक्त ११ अंश भरतो. सगळ्यात साधा दिसणारा बफरच या बाबतीत सगळ्यात नाजूक.

उपाय म्हणजे ऑप-अँपचं आउटपुट आणि केबल यांच्यामध्ये एक छोटा रेझिस्टर, आपल्या उदाहरणात १०० ओहमचा. त्याला आयसोलेशन रेझिस्टर म्हणतात. फीडबॅकची तार मात्र त्याच्या अलीकडून, थेट ऑप-अँपच्या पिनवरूनच घ्यायची. ही अट पाळली नाही तर उपायच अपाय होतो. तार रेझिस्टरच्या पलीकडून, केबलच्या बाजूने घेतली तर नवे १०० ओहम आतल्या १०० मध्ये मिळतात, १.६ मेगाहर्ट्झचे ०.८ होतात आणि रिंगिंग वाढतं. रेझिस्टर टाकूनही फरक पडला नाही, उलट बिघडलं, अशी तक्रार ऐकली की मी आधी फीडबॅकची तार कुठून निघते ते पाहायला सांगतो.

योग्य जागी बसलेला रेझिस्टर काय करतो? फ्रिक्वेन्सी वाढत जाते तसा कपॅसिटर शॉर्टसारखा वागू लागतो. आधी तो ऑप-अँपच्या पिनलाच ग्राउंडकडे ओढत होता. आता तो पूर्ण शॉर्ट झाला तरी पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० ओहम उरतातच. आतले १०० आणि बाहेरचे १०० मिळून साधा व्होल्टेज डिव्हायडर होतो, आणि निव्वळ रेझिस्टरांचा डिव्हायडर सिग्नल निम्मा करतो, पण उशीर करत नाही. म्हणजे कपॅसिटरने घातलेला उशीर एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतो आणि उलट परत मिळू लागतो.

या मर्यादेचा आकडा मला फार सुंदर वाटतो. बाहेरचा रेझिस्टर आतल्या रेझिस्टन्सएवढा असेल, तर हा जास्तीचा उशीर साडेएकोणीस अंशांच्या वर जाऊच शकत नाही, मग कपॅसिटर कितीही मोठा असो. बाहेरचा रेझिस्टर आतल्याच्या निम्मा ठेवला तर ही कमाल मर्यादा ३० अंशांची. आपल्या १० मीटर केबलसाठी हिशेब केला तर मार्जिन २० वरून ५३ अंशांवर येतं. उसळी पिनवर साधारण १५ टक्क्यांची उरते, आणि रेझिस्टर व केबल यांची जोडीच फिल्टरचं काम करत असल्याने केबलवर ती आणखी कमी दिसते. १०० मीटर केबलला तर मार्जिन ७० अंशांच्या वर जातं, कारण मोठा कपॅसिटर आपला उशीर खूप खालच्या फ्रिक्वेन्सीला उरकून घेतो.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली वेगात. रेझिस्टर आणि केबलचा फिल्टर १ नॅनोफॅरडला १.६ मेगाहर्ट्झवर बसतो, पण १० नॅनोफॅरडला १६० किलोहर्ट्झवरच. तापमान किंवा दाबाच्या सेन्सरला याने काही बिघडत नाही, वेगवान सिग्नलला बिघडतं. दुसरी किंमत अचूकतेत. केबलच्या टोकाला १० किलोओहमचा लोड असेल, तर १०० ओहमवर जवळपास १ टक्का व्होल्टेज पडतं, आणि फीडबॅक अलीकडून घेतलेला असल्याने ऑप-अँपला त्याचा पत्ताच लागत नाही. लोड १ मेगाओहमचा असेल तर ही चूक ०.०१ टक्का, म्हणजे सोडून देण्याजोगी. जास्त करंट ओढणाऱ्या लोडला अचूकताही हवी असेल तेव्हा दोन वाटांचा फीडबॅक वापरतात. संथ सिग्नलसाठी एका रेझिस्टरमधून केबलच्या बाजूने, आणि वेगवान सिग्नलसाठी छोट्या कपॅसिटरमधून थेट पिनवरून.

प्रत्यक्षात आतला रेझिस्टन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो, विशेषतः सप्लायच्या टोकापर्यंत आउटपुट नेणाऱ्या चिपमध्ये. म्हणून वरचा हिशेब सुरुवातीची किंमत ठरवायला पुरतो, शेवटची नाही. बऱ्याच डेटाशीटमध्ये कपॅसिटन्स वाढताना ओव्हरशूट किती वाढतो याचा आलेख असतो, काहींमध्ये रेझिस्टरची शिफारसही असते. ते पाहून रेझिस्टर लावावा आणि स्क्वेअर वेव्ह देऊन तपासावं. ही वेव्ह लहान ठेवावी, ५० ते १०० मिलिव्होल्टची. मोठी दिली तर ऑप-अँप आपल्या कमाल वेगाने तिरका चढत राहतो आणि खरं रिंगिंग झाकलं जातं. प्रोब १०एक्सवर ठेवावा, कारण १एक्सवर तो स्वतःच १०० पिकोफॅरडच्या आसपास भर घालतो. आणि मोजताना खरी केबल खऱ्या लांबीची जोडलेली असावी. रेझिस्टरच्या दोन्ही बाजूंना पाहिलं तर कळतं, की केबलवर लहर गुळगुळीत दिसत असतानाही पिनवर ती डोलत असू शकते. मार्जिनचा निवाडा पिनवरच्या लहरीवरून करायचा, आणि तिथली उसळी पाव उंचीच्या वर असेल तर रेझिस्टर एक पायरी वाढवून पुन्हा पाहायचं.